पगार, कमिशन आणि चौथं विधान

दुकानातल्या विक्रेत्याला महिन्याचा ठरलेला पगार द्यावा, की जेवढा माल विकेल त्यावर कमिशन? प्रत्येक दुकानदार आपापल्या अनुभवातून याचं उत्तर देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ साली एका निबंधात त्याचं वेगळ्या वाटेने उत्तर मांडलं. निबंध ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू’मध्ये छापून आला. व्यवस्थापनशास्त्रातलं हे नियतकालिक केवळ सैद्धांतिक मांडणीसाठी ओळखलं जातं. त्या निबंधात लेखिकेने स्वतः केलेली नवी पाहणी नव्हती. जुन्या सिद्धांताची छाननी होती, तर्क होता आणि त्या तर्कातून निघालेली, क्रमांक दिलेली दहा विधानं होती. इंग्रजी निबंधांत अशा विधानाला ‘प्रपोझिशन’ म्हणतात.

संकल्पनात्मक शोधनिबंध म्हणतात तो हाच प्रकार. त्यात लेखकाने स्वतः काही मोजलेलं नसतं. त्यामुळे वाचकाने विश्वास ठेवायचा तो दोनच गोष्टींवर. एक, प्रत्येक विधान आधीच्या विचारातून खरोखर निघतं आहे. दुसरी, उद्या कोणी वही घेऊन दुकानात किंवा शेतात गेलं, तर ते खरं की खोटं हे तपासता येईल. या दोन अटी सुट्या दिसतात, पण माझ्या मते त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. आयझेनहार्ट यांच्या चौथ्या विधानाची गोष्ट सांगितली की ते नीट कळेल, कारण हे विधान पुढे अनेक ठिकाणी तपासलं गेलं आणि बऱ्याच ठिकाणी टिकलं नाही.

आधी ते विधान कुठून आलं ते पाहू. निबंधाचा विषय होता ‘एजन्सी सिद्धांत’. एक माणूस दुसऱ्याकडून काम करून घेतो. मालक आणि विक्रेता, भागधारक आणि कंपनीचा व्यवस्थापक, जमीनमालक आणि कूळ अशा जोड्यांचा हा सिद्धांत आहे. विधानांकडे वळण्याआधी आयझेनहार्ट गृहीतं उघडपणे मांडतात. माणूस आपलं हित पाहतो, त्याची विचारशक्ती मर्यादित असते आणि तो जोखीम टाळतो. दोघांची उद्दिष्टं पूर्णपणे जुळत नाहीत. एकाला जे माहीत असतं ते दुसऱ्याला माहीत नसतं, आणि माहिती ही पैसे मोजून मिळवता येणारी वस्तू आहे. पुढे येणारं प्रत्येक विधान यांपैकी कोणत्या तरी गृहीतावर पाय रोवून उभं राहतं.

पहिलं विधान स्वहिताच्या गृहीतातून येतं. विक्रेत्याची कमाई विक्रीवर अवलंबून असेल, तर मालकाचं हित आणि त्याचं हित एका दिशेला वळतं. म्हणून मोबदला फळावर बांधला की तो मालकाच्या हिताचं वागण्याची शक्यता वाढते. दुसरं विधान माहितीच्या गृहीतातून येतं. विक्रेता दिवसभर काय करतो हे मालकाला दिसत असेल, तर विक्रेता फसवू शकत नाही. म्हणून तेव्हाही तो मालकाच्या हिताचं वागण्याची शक्यता वाढते. इथवर दोन मार्ग तयार झाले: फळावर पैसे द्या, किंवा वागणुकीवर नजर ठेवून पगार द्या. तिसरं विधान या दोहोंना जोडतं. माहितीची व्यवस्था जितकी चांगली, तितका पगाराकडे कल जास्त आणि कमिशनकडे कमी.

आता चौथं. पहिल्या विधानात एक गोष्ट झाकलेली राहिली होती. विक्री केवळ विक्रेत्याच्या मेहनतीवर होत नाही. पाऊस लांबतो, समोर नवं दुकान उघडतं, फॅशन बदलते. कमिशन दिलं की हे सगळे चढउतार विक्रेत्याच्या घरखर्चात उतरतात, आणि जोखीम टाळणारा माणूस ते फुकट सोसत नाही. म्हणून फळाची अनिश्चितता जितकी जास्त, तितका मालक वागणुकीवर आधारलेल्या कराराकडे, म्हणजे पगाराकडे, वळेल आणि फळावर आधारलेल्या कराराकडे कमी वळेल.

हे विधान पहिल्या क्रमांकावर ठेवता आलं नसतं. पहिल्या विधानाने कमिशनचा फायदा सांगितल्यावरच त्याची किंमत सांगायला अर्थ येतो. म्हणजे इथे क्रम हाच तर्क आहे. अनेक हस्तलिखितांत विधानांचे क्रमांक अदलाबदल केले तरी काहीच बिघडत नाही. असं झालं, तर ती विधानं एकमेकांतून आलेली नसून नुसती शेजारी शेजारी बसवली आहेत असं समजावं.

विधान खरोखर आधीच्या परिच्छेदातून निघालं आहे का, हे पाहण्याचे दोन साधे मार्ग आहेत. पहिला म्हणजे विधान झाकून फक्त त्याच्या आधीचा मजकूर दुसऱ्याला वाचायला द्यायचा आणि विचारायचं की आता लेखक काय म्हणेल. वाचक जवळपास तेच बोलला, तर विधान निघालं. दुसरा मार्ग जास्त कठोर आहे आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो. विधानाची दिशा उलटी करायची आणि तोच परिच्छेद त्या उलट्या विधानाच्या आधी ठेवून वाचायचा. तरीही परिच्छेद ठीक वाटला, तर त्याने काहीच सिद्ध केलेलं नाही.

चौथ्या विधानावरच हा दुसरा मार्ग लावून पाहू. समजा एखाद्याने आधीच्या परिच्छेदात इतकंच लिहिलं: आजच्या बाजारात अनिश्चितता वाढली आहे, अनेक अभ्यासकांनी तिचं महत्त्व नोंदवलं आहे, मोबदल्याची पद्धत ठरवताना तिचा विचार करावाच लागतो. यानंतर ‘अनिश्चितता वाढली की पगार’ हे विधान जितकं शोभतं तितकंच ‘अनिश्चितता वाढली की कमिशन’ हेही शोभतं. परिच्छेदाने विषयाचं महत्त्व सांगितलं, पण दिशेचं कारण दिलं नाही. रॉबर्ट सटन आणि बॅरी स्टॉ यांनी १९९५ साली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’त, सिद्धांत कशाला म्हणता येत नाही, या विषयावर लिहिलं होतं. त्यांच्या यादीत संदर्भांची रांग होती, आकडेवारी होती, संकल्पनांची यादी होती, बाणांच्या आकृत्या होत्या आणि नुसती मांडलेली गृहीतकंही होती. यांपैकी कशातूनही ‘का’ याचं उत्तर मिळत नाही.

मग ‘का’ कसा लिहायचा? आकडे कल्पून पाहू. एका विक्रेत्याला वीस हजार रुपये ठरलेला पगार मिळतो. त्याऐवजी कमिशन घ्या म्हटलं तर तो काय मागेल? दुकान भांड्यांचं असेल आणि त्याची कमाई अठरा ते बावीस हजारांत फिरणार असेल, तर तो म्हणेल, सरासरी साडेवीस हजार पडणार असेल तर चालेल. जोखमीची किंमत झाली पाचशे रुपये. दुकान फॅशनच्या कपड्यांचं असेल आणि कमाई कधी आठ हजार, कधी बत्तीस हजार होणार असेल, तर तो सरासरी चोवीस हजार मागेल. जोखमीची किंमत झाली चार हजार. आता मालकाची बाजू पाहू. कमिशनमुळे विक्रेता जास्त झटतो आणि त्या जादा मेहनतीचा मोबदला वजा जाता दुकानाला महिन्याला दोन हजार जास्त सुटतात असं धरू. भांड्यांच्या दुकानात कमिशन देऊन मालक दीड हजाराने फायद्यात राहतो. कपड्यांच्या दुकानात तो दोन हजाराने तोट्यात जातो आणि पगारावर परततो.

आता परिच्छेदात तीन पायऱ्या आल्या. अनिश्चितता वाढली की विक्रेत्याने मागितलेली जोखमीची किंमत वाढते. ती किंमत शेवटी मालकालाच भरावी लागते. कमिशनमुळे मिळणारा फायदा मात्र तेवढाच राहतो, म्हणून एका टप्प्यानंतर कमिशन परवडत नाही. यातून उलटं विधान काढायचं म्हटलं तर काढता येत नाही. दिशा पायऱ्यांनी बांधली गेली.

तिसऱ्या पायरीत एक शब्द आहे, ‘तेवढाच’. दोन्ही दुकानांत आपण फायदा दोन हजारच धरला. का धरला, हे कुठे सांगितलं नाही. पुढे याच जागी विधान अडखळलं.

तिकडे जाण्याआधी दुसरी अट पाहायला हवी, ती म्हणजे तपासता येण्याची. सॅम्युएल बॅकरॅक यांनी त्याच नियतकालिकात त्याच वर्षी एक फरक मांडला होता आणि तो आजही शिकवला जातो. प्रपोझिशन दोन संकल्पनांमधला संबंध सांगतं, तर हायपोथिसिस दोन मोजता येणाऱ्या चलांमधला. ‘फळाची अनिश्चितता’ ही संकल्पना आहे, ती दुकानात जाऊन पट्टीने मोजता येत नाही. ‘गेल्या तीन वर्षांत महिन्याची विक्री किती वरखाली झाली’ हे चल आहे, ते खातेवहीतून काढता येतं. संकल्पनात्मक निबंधाने दुसऱ्या पायरीपर्यंत जायलाच हवं असं नाही. पण संकल्पना अशी नेमकी सांगावी लागते की दुसऱ्याला तिचं चल शोधता येईल, आणि ते चल भलतंच असेल तर तसं म्हणताही येईल.

आयझेनहार्ट यांच्या लिखाणात ही वाट दिसते. चार वर्षांपूर्वी, १९८५ साली, त्यांनी याच कल्पना किरकोळ विक्रीच्या दुकानांत तपासून पाहिल्या होत्या आणि १९८९ च्या निबंधात त्यांनी त्या अभ्यासाचा आधार घेतला. तिथे अनिश्चितता मोजण्यासाठी त्यांनी स्पर्धक दुकानांची संख्या आणि त्या प्रकारची दुकानं बंद पडण्याचं प्रमाण घेतलं. माहितीच्या व्यवस्थेसाठी एका व्यवस्थापकाच्या हाताखाली किती विक्रेते आहेत हे पाहिलं. हाताखाली माणसं कमी, म्हणजे प्रत्येकावर नजर जास्त. ही चलं परिपूर्ण आहेत असं नाही, पण संकल्पनेपासून चलापर्यंतचा रस्ता वाचकाला दिसतो आणि त्यावर वाद घालता येतो.

विधान तपासण्याजोगं राहत नाही ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक कारण पटकन दिसतं. ‘अनिश्चिततेचा मोबदल्याच्या पद्धतीवर परिणाम होऊ शकतो’ असं लिहिलं, की कोणताही निकाल त्यात बसतो. परिणाम झाला तरी विधान खरं आणि नाही झाला तरी खरं. ‘योग्य’, ‘समतोल’, ‘प्रभावी’ या शब्दांनीही तेच होतं. ‘योग्य प्रमाणात कमिशन दिल्यास कामगिरी सुधारते’ या विधानात कामगिरी सुधारली नाही, तर प्रमाण योग्य नव्हतं असं म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली असते.

दुसरं कारण लवकर दिसत नाही आणि त्यात मोठमोठे अभ्यासक सापडले आहेत. जे बार्नी यांनी १९९१ साली मांडलेला संसाधनांचा सिद्धांत व्यवस्थापनशास्त्रात प्रचंड गाजला. कंपनीकडची संसाधनं मौल्यवान, दुर्मीळ, नक्कल करायला अवघड आणि दुसऱ्या कशाने भरून न निघणारी असतील, तर तिला टिकाऊ स्पर्धात्मक आघाडी मिळते, असा त्याचा गाभा. दहा वर्षांनी रिचर्ड प्रिम आणि जॉन बटलर यांनी त्यावर बोट ठेवलं. संसाधन ‘मौल्यवान’ आहे हे कशावरून ठरवायचं? ते कंपनीला स्पर्धेत पुढे नेतं यावरून. मग मौल्यवान संसाधनामुळे कंपनी पुढे जाते या म्हणण्यात नवं काय आलं? विधानाची दोन्ही टोकं एकाच खुंटीला बांधलेली असतील तर ते कधी खोटं ठरूच शकत नाही. बार्नी यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं आणि हा वाद पुढे चालत राहिला. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. विधानातल्या डाव्या आणि उजव्या बाजूची व्याख्या स्वतंत्रपणे करता आली पाहिजे, म्हणजे एक बाजू मोजताना दुसरीकडे पाहावं लागू नये.

आयझेनहार्ट यांचं चौथं विधान या कसोटीवर उतरतं. अनिश्चितता दुकानाच्या विक्रीवरून मोजा, मोबदल्याची पद्धत विक्रेत्याच्या पगारपत्रकावरून पाहा. दोन्ही नोंदी वेगळ्या आणि दिशा ठरलेली. म्हणूनच त्याला हरवणंही शक्य होतं.

हरवणारा पुरावा विधान लिहिलं जाण्याच्या खूप आधी, भारतातच तयार झाला होता. अर्थतज्ज्ञ सी. एच. हनुमंत राव यांनी १९७१ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्याच्या शेतीबद्दल निबंध लिहिला. त्या जिल्ह्यात एका भागात भात पिकत होता, दुसऱ्या भागात तंबाखू. भाताचं उत्पन्न त्यामानाने स्थिर, तंबाखूचं बेभरवशाचं. जोखमीच्या तर्काने पाहिलं तर बेभरवशाच्या पिकात कुळाने सगळी जोखीम आपल्या अंगावर घ्यायला नको. तिथे वाटा असायला हवा, म्हणजे पीक बुडालं तर नुकसान मालक आणि कूळ दोघांत विभागलं जाईल. राव यांना दिसलं ते उलट. भाताच्या भागात जमिनी वाट्याने दिल्या जात होत्या आणि तंबाखूच्या भागात रोख खंडाने. खंडाने जमीन घेतली की मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, उरलं ते सगळं कुळाचं आणि बुडालं तर तेही कुळाचंच. म्हणजे जिथे अनिश्चितता जास्त, तिथेच मोबदला फळाशी सर्वांत घट्ट बांधलेला.

राव यांचं स्पष्टीकरण असं की तंबाखूत निर्णयांना वाव जास्त होता. किती खर्च करायचा, काय आणि कधी करायचं हे जो शेतावर उभा आहे तोच ठरवू शकत होता, आणि चांगल्या निर्णयाचं फळ त्याला पूर्ण मिळालं तरच तो ते घेणार होता.

या धाग्याला व्यापक रूप दिलं कॅनिस प्रेंडरगास्ट यांनी, २००२ साली, त्याच नियतकालिकात. कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, वाट्याने शेती करणारे, फ्रँचायझी चालवणारे अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतले जुने अभ्यास त्यांनी एकत्र पाहिले. अनिश्चितता वाढली की फळावरचा मोबदला कमी होतो, याला पुरावा क्षीण होता. काही क्षेत्रांत संबंध उलटाच निघत होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. परिस्थिती स्थिर असेल तर काय करायला हवं हे मालकाला माहीत असतं. तो काम सांगतो, नजर ठेवतो, पगार देतो. परिस्थिती अस्थिर असेल तर काय करायला हवं हे मालकालाच माहीत नसतं. मग तो निर्णय कामकऱ्यावर सोपवतो, आणि निर्णय सोपवला की लगाम फळाचाच उरतो.

आता आपल्या कपड्यांच्या दुकानाकडे परत जाऊ. जोखमीची किंमत चार हजार धरली होती, ती तशीच राहू दे. पण फॅशन सारखी बदलत असेल, तर कोणत्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, कोणता माल पुढे मांडायचा हे विक्रेत्याने स्वतः ओळखण्याला जास्त मोल येतं. कमिशनमुळे दुकानाला सुटणारा जादा फायदा मग दोन हजार राहत नाही, तो सात हजार होऊ शकतो. सातातून चार गेले, उरले तीन हजार. भांड्यांच्या दुकानातल्या दीड हजारापेक्षा हे जास्त. कमिशन पुन्हा परवडायला लागलं, आणि तेही अनिश्चितता जास्त असलेल्या दुकानात.

म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या पडल्या नाहीत. माणूस जोखीम टाळतो आणि तिची किंमत मागतो, हे प्रेंडरगास्ट नाकारत नाहीत. पडली ती तिसरी पायरी, ‘फायदा तेवढाच राहतो’ ही. पायऱ्या लिहिलेल्या असल्यामुळे कोणती पडली हे बोट ठेवून सांगता येतं. त्या लिहिलेल्या नसत्या, तर शेतातल्या निकालाने इतकंच कळलं असतं की विधान चुकलं, आणि पुढे काय दुरुस्त करायचं हे कोणालाच समजलं नसतं. तर्कातून निघणं आणि तपासता येणं या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत असं मी वर म्हटलं, ते याचमुळे.

आयझेनहार्ट यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे जी पहिल्या वाचनात निसटते. त्यांचं आठवं विधान सांगतं की काम जितकं आधी नेमकं ठरवून देता येतं, तितका पगाराकडे कल जास्त. म्हणजे काम ठरवून देता येत नसेल तर कमिशन. हे चौथ्या विधानाशेजारी ठेवून पाहावं. प्रत्यक्ष बाजारात ज्या धंद्यात अनिश्चितता जास्त, त्याच धंद्यात काम आधी ठरवून देणं अवघड असतं. चौथं विधान अशा धंद्याला पगाराकडे ओढतं आणि आठवं कमिशनकडे. कागदावर दोन्ही स्वतंत्र आणि दोन्ही बरोबर, कारण प्रत्येकात बाकी सगळं तेच असताना ही अट गृहीत आहे. शेतात मात्र बाकी सगळं तेच राहत नाही. माझ्या मते तंबाखूचा निकाल चौथ्या विधानाचा जितका पराभव आहे तितकाच आठव्याचा विजयही आहे.

पाचव्या विधानाशीही अशीच गाठ पडते. जोखीम टाळण्याची वृत्ती जितकी जास्त, तितका कामकरी पगाराकडे झुकतो, असं ते सांगतं. पण माणसं कामं वाटून घेताना नाणं उडवत नाहीत. ज्याच्या घरी चार पैसे आहेत, ज्याला वाईट वर्ष सोसवतं, तोच बेभरवशाच्या पिकाकडे जातो. मग त्या पिकात जोखीम सोसणारे करार जास्त दिसतात आणि अनिश्चिततेचा परिणाम उलटा असल्याचा भास होतो. डॅनियल अ‍ॅकरबर्ग आणि मारिस्तेल्ला बोत्तिचिनी यांनी २००२ सालीच पंधराव्या शतकातल्या तोस्काना प्रांतातल्या शेतीकरारांवर हे दाखवलं: कोणतं कूळ कोणत्या पिकाकडे जातं याचा हिशेब न धरता काढलेले निष्कर्ष दिशाभूल करतात.

यातून विधानं लिहिणाऱ्याला करण्यासारखं एक नेमकं काम निघतं आणि ते क्वचितच केलं जातं. सगळी विधानं लिहून झाली की दोन-दोन शेजारी घ्यायची आणि विचारायचं: पहिल्यातलं कारण वाढलं की दुसऱ्यातलं कारणही आपोआप वाढतं का? उत्तर हो असेल, तर दोन्ही विधानं एकाच धंद्याला दोन दिशांना ढकलत आहेत का ते पाहायचं. तसं असेल तर दोन सुटी विधानं पुरत नाहीत. पहिलं कुठपर्यंत चालतं आणि दुसरं कुठून सुरू होतं, हे सांगणारं तिसरं विधान लिहावं लागतं. व्हेटन यांनी १९८९ च्या त्याच अंकमालेत सिद्धांताच्या घटकांत ‘काय’, ‘कसं’ आणि ‘का’ यांबरोबर ‘कोण, कुठे, कधी’ ही मर्यादा ठेवली होती. नवशिके लेखक ती निबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाच्या परिच्छेदात ढकलतात. खरं तर तिची जागा विधानाच्या आत आहे.

सगळ्याच संकल्पनात्मक निबंधांना मात्र हा साचा बसत नाही, हेही सांगायला हवं. योप कॉर्नेलिसन यांनी २०१७ साली ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू’च्या संपादकीयात तीन प्रकार वेगळे केले: क्रमांकित विधानं, प्रक्रियेचं चित्रण आणि प्रकारांचं वर्गीकरण. एखादी संस्था संकटात कशी विरघळत जाते हे सांगायचं असेल, तर ‘अमुक वाढलं की तमुक वाढतं’ अशा विधानांत ते कोंबल्याने त्यातला काळाचा क्रम हरवतो. तिथे ओढून-ताणून विधानं लिहू नयेत. पण पगार की कमिशन यासारखा प्रश्न असेल, जिथे एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते असा दावा आहे, तिथे विधान लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

मग चौथं विधान आज पुन्हा लिहायचं झालं तर कसं लिहिता येईल? माझी मांडणी अशी. आधी एक परिच्छेद जोखमीच्या किमतीवर, वरच्या पहिल्या दोन पायऱ्यांसह. दुसरा परिच्छेद मालकाच्या ज्ञानावर: योग्य कृती मालकाला माहीत असेल तर कामकऱ्याच्या निर्णयाला वेगळं मोल राहत नाही, म्हणून फायदा स्थिर राहतो, माहीत नसेल तर अनिश्चितता वाढेल तसं त्या निर्णयाचं मोल वाढतं, म्हणून फायदाही वाढतो. त्यानंतर विधान: कोणती कृती योग्य हे मालकाला आधीच सांगता येतं अशा कामांत फळाची अनिश्चितता वाढली की मोबदल्यातला फळावर आधारलेला वाटा घटतो, जिथे ते सांगता येत नाही अशा कामांत ही घट कमी होते आणि पुढे उलटते.

याची चाचणी घेणाऱ्याने एकाच कंपनीतले दोन प्रकारचे विक्रेते निवडावेत. एक प्रकार ठरलेल्या यादीतल्या दुकानांना ठरलेल्या वारी भेट देणारा, दुसरा नवी गिऱ्हाइकं स्वतः शोधणारा. काम किती ठरलेलं आहे हे कंपनीच्या लेखी सूचनांवरून पाहावं, पगारपत्रक न उघडता. अनिश्चितता त्या त्या भागातल्या विक्रीच्या चढउतारावरून काढावी आणि कमिशनचा वाटा पगारपत्रकावरून. कोणत्या विक्रेत्याला कोणता भाग मिळाला हे त्याने स्वतः निवडलं की कंपनीने ठरवलं, याचीही नोंद हवी, नाहीतर तोस्कानाच्या शेतीत झाला तोच घोटाळा इथे होईल. ठरलेल्या वाटेवरच्या विक्रेत्यांतही चढउतार वाढेल तसं कमिशन वाढत असल्याचं दिसलं, आणि भाग कंपनीनेच वाटून दिलेले असतील, तर नव्या विधानाचा पहिला अर्धा भाग गेला. नवी गिऱ्हाइकं शोधणाऱ्यांत चढउतारामुळे होणारी कमिशनची घट ठरलेल्या वाटेवरच्या विक्रेत्यांइतकीच निघाली, तर दुसरा अर्धा गेला आणि मालकाच्या ज्ञानावरचा तो परिच्छेद पुन्हा लिहायला घ्यावा लागेल.